तक्रारपेटीत पाठवणाऱ्याचं नाव छाननीवाल्यांपासून झाकून ठेवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, वाळवा भागातल्या पतसंस्था, दूध संस्था आणि कारखान्यांच्या लोकांनी गेल्या काही वर्षांत आम्हाला फोनवर, चहाच्या टपरीवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी दोन शब्द ठरवून घेऊ. तक्रार पहिल्यांदा उघडणाऱ्या आणि खरं नाव माहीत असणाऱ्या माणसाला आम्ही 'पेटीदार' म्हणतो. तक्रारीत दम आहे का, ती कुणाकडे पाठवायची, आधी कुठली घ्यायची हे ठरवणारे ते 'छाननीवाले'.

1. निनावी तक्रार आणि नाव झाकलेली तक्रार, एकच ना?

नाही. निनावी तक्रारीत नाव कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे उलट प्रश्न विचारायला माणूसच सापडत नाही. नाव झाकलेल्या तक्रारीत ते एका माणसाला माहीत असतं आणि पुढच्या कुणालाही कळत नाही. केंद्रीय दक्षता आयोगाकडे 2004 च्या ठरावानुसार ज्या तक्रारी जातात (पीआयडीपीआय म्हणतात त्या), त्या याच दुसऱ्या प्रकारच्या. पाकिटावर नाव लिहायचं नाही, आत मात्र लिहायचं. आयोग ते झाकून पुढची कारवाई करतो आणि निनावी पत्र या ठरावाखाली घेतच नाही. ती सोय केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांविषयीच्या तक्रारींसाठी आहे. आपल्या दूध संस्थेला ती लागू होत नाही, पण पद्धत उचलण्यासारखी आहे.

तुमच्या पेटीत निनावी पत्रंही येणारच. ती फेकू नका. फक्त त्यांच्या बाबतीत झाकायचं काम नावाचं नसतं, मजकुराचं असतं (प्रश्न 6).

2. छाननीवाले आपलेच लोक आहेत. त्यांच्यापासून कशाला लपवायचं?

आपलेच आहेत म्हणूनच. छाननीला बसलेल्या लेखनिकाचा चुलता त्याच गट ऑफिसात स्लीपबॉय असतो, दुसऱ्याचं शेत त्याच संचालकाच्या शेताला लागून असतं. कुणी मुद्दाम फोडत नाही. "काय ते, अमक्यानं लिहिलंय" एवढंच वाक्य जेवणाच्या सुट्टीत निसटतं.

सत्येंद्र दुबे यांचं प्रकरण यासाठी कायम लक्षात ठेवावं. महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली आणि स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली. तो कागद पत्रासोबतच या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत त्यांचा खून झाला. पुढे खटल्यात लुटारूंना शिक्षा झाली, म्हणजे पत्र आणि खून यांचा संबंध न्यायालयात सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण नावाचा कागद वेगळा असूनही कुणीच तो बाजूला काढला नाही, ही चूक कोणत्याही कार्यालयात होऊ शकते. वरचा 2004 चा ठराव त्यानंतरचाच.

3. आमच्याकडे ऑफिसात माणसंच चार. एवढी कामं कशी वाटायची?

दोन माणसं पुरतात, पण ती दोन वेगळी हवीत. पेटीदारानं छाननी करायची नाही आणि छाननीवाल्याकडे पेटीचा पासवर्ड द्यायचा नाही. शक्यतो पेटीदार बाहेरचा घ्या. निवृत्त मुख्याध्यापक, दुसऱ्या तालुक्यातला वकील किंवा हिशेबनीस चालतो. कारखान्याच्या बाबतीत ज्याचा ऊस त्या कारखान्याला जात नाही असा माणूस शोधा. वाळव्यात हे बोलायला सोपं आणि शोधायला अवघड आहे, हे आम्हालाही कळतं.

पेटीदार आजारी पडला तर? खऱ्या नावांच्या वहीच्या कपाटाची दुसरी किल्ली लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, तिसऱ्या माणसाकडे. पाकीट फुटलं की ते दिसलं पाहिजे, एवढाच त्या लाखेचा उपयोग.

4. ईमेल 'फॉरवर्ड' करताना नाव खोडलं की झालं ना?

झालं नाही. नाव खोडलं तरी ते चार-पाच ठिकाणी शिल्लक राहतं. पत्ता `From` मध्ये असतो तसा `Reply-To` मध्येही असतो. खाली सही असते, त्यात पद आणि मोबाईल. जीमेलमध्ये `Show original` उघडलंत तर मेल कुठून कुठून आला त्याच्या `Received` ओळी दिसतात आणि ऑफिसच्या सर्व्हरवरून आलेल्या मेलमध्ये तिथे कधी कधी संगणकाचं नावही सापडतं. मेल जोडपत्र म्हणून पुढे पाठवलात तर हे सगळंच्या सगळं सोबत जातं.

म्हणून नियम एकच : फॉरवर्ड कधीच करायचं नाही. पेटीदारानं मजकूर कॉपी करून कोऱ्या पानावर `Ctrl+Shift+V` नं चिकटवायचा, म्हणजे फक्त अक्षरं येतात. मग तो साफ करून वेगळ्या खात्यावरून नवीन मेल म्हणून छाननीला पाठवायचा. विषयाची ओळही नव्यानं लिहायची, कारण पाठवणाऱ्यानं तिथेच "शाखा क्र. 3 मधील रोखपाल यांचेकडून" असं लिहिलेलं असतं. हा अंदाज नाही, असं आलेलं आहे.

पेटीचं खातं ऑफिसच्या संगणकावर उघडू नका. एकदा उघडलं की ब्राउझर पासवर्ड जपून ठेवतो आणि नवा मेल आला की कोपऱ्यात पाठवणाऱ्याच्या नावासकट चौकट उमटते. त्या वेळी पडद्यासमोर कोण बसलंय, ते आपल्या हातात नसतं.

5. गूगल फॉर्म केला तर ही कटकट वाचेल का?

मजकुरापुरती वाचेल. सेटिंगमध्ये ईमेल पत्ता गोळा करणं बंद आहे ना, ते आधी बघा. पण फॉर्ममध्ये 'फाईल जोडा' हा प्रश्न घातलात की डाव फसतो. फाईल चढवायला गूगल खात्यात शिरावंच लागतं आणि ती फाईल ड्राइव्हमध्ये जाताना तिच्या नावापुढे पाठवणाऱ्याचं खात्यावरचं नाव जोडलं जातं. एका संस्थेत आम्ही बघितलं तेव्हा ड्राइव्हच्या त्या फोल्डरची वाट छाननीच्या तिघांकडेही होती. पावतीच्या फोटोच्या नावापुढे पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फॉर्मवर मात्र ठळक अक्षरांत 'आपले नाव गुप्त राहील' लिहिलेलं होतं.

फॉर्म ठेवायचाच असेल तर फाईलचा प्रश्न काढा आणि उत्तरांची शीट फक्त पेटीदाराच्या खात्यावर ठेवा. शीटमध्ये प्रत्येक उत्तरापुढे सेकंदापर्यंतची वेळ पडते. त्याचं काय करायचं ते प्रश्न 8 मध्ये आहे.

6. नाव कुठेच नाही, तरी वाचणाऱ्यानं ओळखलं. हे कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. उदाहरण बेतलेलं आहे, पण यातला प्रत्येक तुकडा आम्ही कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

एक ट्रॅक्टरवाला लिहितो : "17 तारखेला रात्री पावणेदोनला खेप घेऊन गेलो. वाटेत खासगी वे-ब्रिजवर भरलेली गाडी 27.460 टन. कारखान्याच्या 2 नंबर काट्यावर तीच गाडी 27.010. विचारलं तर काटा क्लार्क म्हणाला, पटत नसेल तर गाडी माघारी ने." सोबत दोन्ही स्लिपांचे फोटो. फरक 450 किलो. वाटेत पाचट, वाडं गळतं हे खरं, पण डांबरी रस्त्यानं पंधरा किलोमीटरमध्ये साडेचार क्विंटल गळत नाही. तक्रारीत दम आहे.

पेटीदार काय करतो? ट्रॅक्टरचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, गट, खेपेचा नंबर झाकतो. हे कुणीही करेल. पण मजकूर तसाच गेला तर छाननीवाला, किंवा त्याच्या मागे उभा असलेला कुणीही, काट्याचं रजिस्टर उघडतो, 17 तारखेची रात्र काढतो आणि 27.010 या आकड्यावर बोट ठेवतो. त्या आकड्यासमोर गाडी नंबर छापलेलाच असतो. म्हणजे नाव झाकलं आणि नावाची किल्ली दारातच टांगून ठेवली.

तेव्हा झाकताना स्वतःला विचारायचं ते असं : ज्याच्या हातात रजिस्टर आहे, त्याला या कागदावरून माणूस काढता येईल का? वजन, वेळ, टोकन, पावती नंबर, खात्यातली नेमकी शिल्लक, दुधाचं फॅट, जे जे कुठेतरी एका ओळीत नोंदलं जातं ते ते नावाइतकंच नाव आहे.

छाननीला मग असं जातं : "डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्रपाळीत, काटा क्र. 2 वर, भरलेल्या गाडीच्या वजनात खासगी काट्यापेक्षा 400 ते 500 किलो कमी दाखवल्याची तक्रार. दोन्ही स्लिपा पेटीदारानं मूळ स्वरूपात पाहिल्या आहेत, तारीख जुळते." छाननीला निर्णय घ्यायला एवढं पुरतं. शेवटचं वाक्य विसरू नका. पुरावा दाखवता येत नसला की तो आहे हे कुणीतरी सही करून सांगावं लागतं.

उरलं ते क्लार्कचं वाक्य आणि काट्यावरचा वाद. वाद झाला असेल तर मागच्या दहा गाड्यांनी तो ऐकला, म्हणजे कागद कितीही साफ केला तरी क्लार्कला अंदाज येणारच. म्हणून पेटीदारानं पाठवणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारायचा : "हे तुमच्याशिवाय कोणाकोणाला माहीत आहे?" उत्तर "फक्त मला आणि क्लार्कला" असं आलं, तर मजकूर साफ करून भागत नाही, चौकशीचीच पद्धत बदलावी लागते. एका गाडीची चौकशी न करता, पंधरा दिवस थांबून, रात्रपाळीतली दर पाचवी गाडी काट्यावरून उतरली की दुसऱ्या काट्यावर फिरवायची. प्रशासनाची भरारी पथकं वजन झालेली गाडी अशीच परत तोलून बघतात. शिवाय वैधमापन विभागाकडून प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासून घेता येतो, त्यात तर गाडीचा संबंधच येत नाही.

साफ केलेला कागद पुढे पाठवण्याआधी आमचा एक ठोकताळा आहे. या वर्णनात बसणारी माणसं मोजा. पाचापेक्षा कमी भरली तर आणखी एक तपशील सैल करा, तारखेचा पंधरवडा करा, शाखेचा तालुका करा. पाच हा आकडा कायद्यातला नाही, आमच्या अनुभवातला आहे. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सहा माणसांच्या शाखेत तोही पुरत नाही.

7. फोटो आणि पीडीएफ कसे साफ करायचे?

मोबाईलच्या फोटोच्या पोटात वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर ते गळून जातं, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसंच राहतं. पेटीदाराच्या संगणकावर `exiftool` टाकून ठेवा. पहिल्या ओळीनं काय काय आहे ते दिसतं, दुसरीनं ते पुसलं जातं :

```
exiftool photo.jpg
exiftool -all= -overwrite_original photo.jpg
```

`-overwrite_original` लिहायला विसरलात तर शेजारीच `photo.jpg_original` या नावानं सगळ्या माहितीसकट जुनी प्रत उरते आणि कुणीतरी आख्खं फोल्डर पाठवतं. हे काम नेहमी प्रतीवर करा. अस्सल फोटो पुराव्यासाठी पेटीदाराच्या कुलपात राहू दे. पुसल्यावर फोटो आडवा झाला तर घाबरू नका. तो कसा धरायचा ही खूणही पुसली गेलेली असते, फिरवून घ्या.

पीडीएफवर ही आज्ञा पुरत नाही. तिनं केलेला बदल उलटवता येतो. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढणंही कुचकामी, कारण खालची अक्षरं निवडून कॉपी होतात. पान पडद्यावर उघडा, स्क्रीनशॉट घ्या, त्या चित्रावर भरीव काळा चौकोन काढा. मोबाईलमधलं हायलाइटर वापरू नका. त्याचा काळा रंग अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. वर्डची फाईल तर पुढे पाठवूच नका. तिच्या गुणधर्मांत लिहिणाऱ्याचं आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव बसलेलं असतं.

हस्ताक्षराचं पत्र असेल तर स्कॅन न करता टाईप करा. ऑडिओचंही तसंच, आवाज बदलण्याच्या ॲपवर विसंबू नका, लिहून काढा. गावाकडच्या बोलीतले ओळखू येणारे शब्द साधे करा. धमकीचे शब्द मात्र जसेच्या तसे ठेवा, त्यांचा अर्थ वळवला की तक्रारीचा जीव जातो.

8. तक्रारीला नंबर कसा द्यायचा?

सलग देऊ नका. ही चूक आमचीच. सुरुवातीला आम्ही 1, 2, 3 असे नंबर दिले. सोमवारी कोण पेटीच्या खोलीत गेलं होतं ते शिपायानं पाहिलं होतं आणि सोमवारनंतरचा नंबर 14 होता. बाकी काही सांगावं लागलं नाही. आता चिठ्ठ्या काढून तीन आकडी नंबर देतो, आणि नंबर व खरं नाव यांची सांगड फक्त शिवलेल्या वहीत असते. संगणकावर नाही.

तक्रार आली की लगेच छाननीला जात नाही. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार वाजता, आलेल्या सगळ्या पिसून एकदम जातात, येण्याची तारीख काढून. आठवड्यात एकच आली असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबवतो. जिवाला धोका, लहान मुलाचा प्रश्न किंवा पुरावा नष्ट होण्याची भीती असेल तर मात्र थांबवायचं नाही.

9. छाननीवाल्यांना आणखी माहिती हवी असेल तर?

ते नंबर लिहून पेटीदाराला प्रश्न देतात, पेटीदार पाठवणाऱ्याला विचारतो, उत्तर प्रश्न 6 प्रमाणे साफ करून परत देतो. प्रश्नांवर पेटीदारानं नजर ठेवावी. "हे पाठवणारा कायम आहे की हंगामी?", मग "कुठल्या पाळीत?", मग "किती वर्षं?" प्रत्येक प्रश्न निरागस असतो, तिन्हींच्या उत्तरांत मिळून एकच माणूस बसतो. पेटीदारानं "हे कळल्यानं तुमचा निर्णय बदलेल का?" असं विचारायचं. नाही म्हणाले तर प्रश्न परत.

पाठवणाऱ्याला कुठे गाठायचं हेही पहिल्याच वेळी ठरवा. ऑफिसच्या मेलवरून तक्रार केली असेल तर उत्तर तिथे धाडू नका, तो मेल संस्थेचा संगणकवाला बघू शकतो.

10. बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत नाव झाकता येतं का?

छाननीवाल्यांपासून येतं, अंतर्गत समितीपासून आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यापासून येत नाही. 2013 च्या कायद्याखाली तक्रार लेखी लागते, घटनेपासून तीन महिन्यांत (समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते), आणि समिती सात कामाच्या दिवसांत तिची प्रत समोरच्याला पाठवते. म्हणून अशा बाईला "तुमचं नाव कुणालाच कळणार नाही" असं सांगणं ही फसवणूक आहे. त्याच कायद्याचं कलम 16 तिचं नाव बाहेर जाहीर करायला मनाई करतं, एवढं खात्रीनं सांगा. मग पुढे जायचं का ते तिला ठरवू द्या. अशी तक्रार छाननीच्या टेबलावर जाऊच नये. पेटीदारानं तिच्या संमतीनं ती थेट समितीच्या अध्यक्षा बाईंकडे द्यावी.

11. तक्रार लहान मुलाबद्दल असेल तर?

वसतिगृह किंवा शाळा चालवणाऱ्या संस्था हे विचारतात. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पेटीदारालाही. न कळवणं हा गुन्हा आहे. इथे फेरीची वाट बघायची नाही. मुलाचं नाव पोलीस सोडून कुणाकडेही जायचं नाही, छाननीकडे तर नाहीच.

12. तक्रार पेटीदाराविरुद्धच आली तर?

तो ती उघडणारच, म्हणून दुसरी वाट आधीच फलकावर लिहून ठेवावी : "पेटीदाराविषयी तक्रार असल्यास अमक्या पत्त्यावर बंद पाकीट." त्या पत्त्यावर प्रश्न 3 मधला लाखेच्या पाकिटवाला माणूस चालतो. पेटीदाराच्या भावकीविरुद्ध आली तर त्यानं न साफ करता ती पाकिटात घालून त्याच माणसाकडे द्यायची आणि वहीत "सुपूर्द" एवढंच लिहायचं.

13. अध्यक्ष साहेबांनी नाव मागितलं तर?

द्यायचं नाही, आणि हे पेटीदाराला नेमतानाच्या ठरावात लिहून घ्यायचं. नाहीतर एकटा पेटीदार अध्यक्षांच्या केबिनमध्ये उभा राहून नाही म्हणू शकत नाही. कोर्टाचा आदेश आला तर द्यावं लागतं. पोलिसांनी मागितलं तर लेखी मागणी घ्या आणि उत्तर देण्याआधी वकिलाला दाखवा. संस्थेला माहिती अधिकार लागू असेल आणि तिथून मागणी आली, तर कलम 8(1)(छ) बघा. इंग्रजी मजकुरातलं ते 8(1)(g). ज्या माहितीनं एखाद्याच्या जिवाला धोका होईल, किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासानं दिलेल्या माहितीचा स्रोत कळेल, ती त्यात वगळता येते.

14. पाठवणाऱ्यानंच पारावर सांगितलं की मीच लिहिलंय. मग झाकायचं कशाला?

झाकायचंच. तो सांगतो ती अफवा, तुम्ही सांगाल ती नोंद. उद्या तो "मी गमतीनं म्हणालो" म्हणू शकतो, ती वाट त्याच्यासाठी उघडी राहू द्या. छाननीवाल्यांनी येऊन "तो अमकाच ना?" असं विचारलं तर पेटीदारानं हो किंवा नाही दोन्ही म्हणायचं नाही. आणि हे प्रत्येक तक्रारीला, प्रत्येक नावाला सारखंच. एरवी "नाही नाही, तो नव्हे" म्हणायचं आणि एकदाच गप्प बसायचं, असं केलं तर त्या गप्प बसण्यातूनच नाव कळतं.

15. वही किती दिवस ठेवायची?

प्रकरण मिटेपर्यंत आणि त्यावरचं अपील संपेपर्यंत. आम्ही वर्षाला एक वही करतो, तिच्यातलं शेवटचं प्रकरण संपलं की पेटीदार आणि पाकिटवाला दोघं मिळून ती फाडून पाण्यात भिजवतात आणि किती नोंदी नष्ट केल्या तेवढा आकडा ठरावात लिहितात. मागच्या खेपेला लगदा बादलीत दोन दिवस राहिला, शिपायानं विचारलं, "साहेब, हे कशाचं?" पेटीदार म्हणाला, "गणपतीचं." भाद्रपद होता, खपून गेलं.